अकरा दिवस पेटीत राहिलेले बाळ आईचा वास विसरते का?

प्रश्न: मी सध्या गुहागर तालुक्यात माहेरी आहे. माझी मुलगी ३४ आठवड्यांची जन्मली. सिझेरियन झाले आणि ती अकरा दिवस रत्नागिरीला काचेच्या पेटीत होती. घरी येऊन आज पाच दिवस झाले. माझ्या आईने घेतले की ती शांत राहते, मी घेतले की रडते आणि अंगावर पिताना तोंड फिरवते. माझे काढलेले दूध वाटी-चमच्याने मात्र पिते. शेजारच्या काकी म्हणतात की ती तुझा वास विसरली, तुझे न धुतलेले पातळ झोळीत घाल. बाळ खरेच आईला वासाने ओळखते का, आणि विसरले असेल तर पुन्हा ओळखेल का? गणपतीनंतर मला मुंबईला सासरी जायचे आहे, म्हणून काळजी वाटते.

उत्तर: बाळ आईला वासाने ओळखते, परंतु ही ओळख ते जन्मतःच पूर्ण घेऊन येत नाही. तिचा थोडा भाग पोटात तयार होतो आणि मोठा भाग जन्मानंतरच्या पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत, छातीशी असताना, पुन्हा पुन्हा वास घेऊन शिकला जातो. तुमच्या मुलीला तो काळ तुकड्यातुकड्यांनी मिळाला. त्यामुळे ती ‘विसरली’ असे म्हणण्यापेक्षा तिचे शिकणे अर्धे राहिले आहे असे म्हणणे अधिक बरोबर होईल. कोकणपट्टीत नवजात बाळांवर उपचार करताना मी आता सव्वीस वर्षे काढली आहेत आणि हा प्रश्न पेटीतून घरी गेलेल्या बाळांच्या आयांकडून मला दर महिन्याला ऐकू येतो. तुमच्या मुलीला मी तपासलेले नाही, तरी तुम्ही दिलेल्या तपशिलावरून माझा अंदाज असा आहे की तोंड फिरवण्यामागे वासाचा वाटा लहान आणि तिच्या वयाचा वाटा मोठा आहे. तरीही आधी वासाबद्दलच सांगतो, कारण घरात नेमक्या कोणत्या गोष्टी बदलायच्या ते त्यावरून ठरते.

पोटातल्या बाळाचे नाक शेवटच्या तिमाहीत काम करू लागलेले असते आणि ते सतत गर्भजलात बुडालेले असते. आई जे खाते त्यातील काही वास त्या जलात उतरतात. अमेरिकेत १९९५ मध्ये गर्भजलाची तपासणी करून घ्यायला आलेल्या काही स्त्रियांना सुमारे पाऊण तास आधी लसणाच्या कॅप्सूल दिल्या, तेव्हा बहुतेकींच्या गर्भजलाला आलेला लसणाचा वास नुसत्या नाकाने ओळखता आला. फ्रान्समध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गरोदरपणाच्या शेवटच्या दिवसांत बडीशेपेसारख्या वासाचे अ‍ॅनिस खाल्लेल्या आयांची बाळे जन्मानंतर लगेच आणि चौथ्या दिवशीही त्या वासाकडे वळत होती, तर ज्यांच्या आयांनी ते खाल्ले नव्हते ती बाळे एक तर उदासीन राहत किंवा तोंड वाकडे करत. तुमची मुलगी ३४ आठवडे तुमच्याच पोटात होती. तिच्यापाशी तुमच्या वासाचा हा पहिला धडा आहेच, आणि तो अकरा दिवसांत पुसला जाण्याचे कारण नाही.

दुसरा धडा छातीवर असतो. स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागावर बारीक पुळ्यांसारखे उंचवटे दिसतात, त्यांना माँटगोमेरी ग्रंथी म्हणतात. गरोदरपणात आणि बाळंतपणात त्या फुगतात व त्यांतून तेलकट स्राव पाझरतो. तीन दिवसांच्या बाळांच्या नाकाजवळ हा स्राव धरला तर ती झोपेतही ओठ हलवतात, जीभ बाहेर काढतात, त्यांचा श्वास बदलतो. २००९ मधील ज्या फ्रेंच अभ्यासात हे दाखवले गेले, त्यात स्राव बाळाच्या स्वतःच्या आईचा नव्हता, दुसऱ्याच बाळंतिणीचा होता. म्हणजे हा वास कुणा एका व्यक्तीची खूण नसून ‘इथे दूध आहे’ अशी सर्व बाळांना कळणारी दिशा आहे. मात्र ती दिशा सहज धुऊन जाते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका साध्या प्रयोगात आईचा एक स्तन बिनवासाच्या साबणाने धुतला, दुसरा तसाच ठेवला आणि बाळाला मधोमध छातीवर पालथे सोडले. ३० पैकी २२ बाळांनी न धुतलेला स्तन निवडला.

आईची खास अशी ओळख यानंतर पटते. इंग्लंडमधील ऑक्सफर्डचे डॉक्टर एडन मॅकफार्लेन यांनी १९७५ मध्ये बाळाच्या दोन्ही गालांपाशी कापसाच्या दोन घड्या धरल्या. एक त्याच्या आईच्या स्तनाला लावून ठेवलेली होती आणि दुसरी वेगळ्या बाळंतिणीची. दोन दिवसांच्या बाळांना दोन्ही सारख्याच होत्या. सहाव्या दिवशी मात्र बाळे स्वतःच्या आईच्या घडीकडे अधिक वेळ तोंड वळवून राहू लागली आणि आठव्या ते दहाव्या दिवसापर्यंत हा फरक आणखी स्पष्ट झाला. मला या निष्कर्षातले सर्वांत उपयोगी वाटते ते हे की दुसऱ्या दिवशी नसलेली गोष्ट सहाव्या दिवशी आली. पहिल्या तासातील सहवास चांगलाच, आणि त्या तासात बाळाचे नाक वास पटकन टिपते हेही खरे. प्रसूतीच्या कळांमुळे बाळाच्या शरीरात नॉरअ‍ॅड्रेनलिन या संप्रेरकाची लाट येते आणि तिचा त्याला हातभार लागतो. परंतु तो तास हुकला म्हणून दार बंद होत नाही. शिकणे त्यानंतरही दिवसागणिक चालू राहते.

आता तुमच्या आईंकडे वळू. अमेरिकेत १९८५ मध्ये दोन आठवड्यांच्या बाळांवर असे दिसले की अंगावर पिणारी बाळे आईच्या काखेचा वास ओळखतात, बाटलीने पिणारी ओळखत नाहीत, आणि वडिलांचा वास अंगावर पिणाऱ्या बाळांनाही ओळखता आला नाही. याचा अर्थ नाते कमी-जास्त असा नव्हे. पिताना बाळाचे नाक दिवसातून आठ-दहा वेळा आईच्या उघड्या त्वचेला टेकलेले असते, वडिलांच्या त्वचेला टेकत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. ज्याच्या उघड्या त्वचेपाशी बाळाचे नाक अधिक वेळ राहील, त्याचा वास ते शिकेल. तो माणूस बापही असू शकतो, आजीही, आणि मूल दत्तक घेणारी आईही.

नुसता वास येत राहणेही पुरेसे नसते. १९९१ मधील एका अभ्यासात जन्मून एकच दिवस झालेल्या बाळांना संत्र्या-लिंबासारखा वास देत देत अंगावरून हात फिरवला. अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे असे दहा वेळा केल्यावर दुसऱ्या दिवशी ती बाळे त्या वासाकडे तोंड वळवू लागली. ज्यांना नुसता वास दिला, किंवा आधी हात फिरवून मग वास दिला, ती वळली नाहीत. वास आणि सुख एकाच वेळी आले तरच ओळख जमते. तुमच्या आई रोज खोबरेल चोळून, पाय ताणून, ऊन पाण्याने अंघोळ घालून तिला मांडीवर घेत असतील तर तोच प्रयोग तुमच्या पडवीत रोज होतो आहे, आणि मुलगी तिची परीक्षा पास झाली आहे. यात तुमचे काही हिरावले गेलेले नाही. एका बाळाला दोन-तीन माणसांचे वास सहज शिकता येतात.

मग तुमच्याकडे आल्यावर ती रडते का? तुमच्या अंगाला दुधाचा वास येतो, आजीच्या अंगाला येत नाही. आजीकडे तिला फक्त झोपायचे असते. तुमच्याकडे आली की नाकाला दूध कळते, भूक जागी होते, ती तोंड उघडून शोधू लागते, हाती-तोंडी काही लागले नाही की वैतागते. अनेक आयांना जो नकार वाटतो तो प्रत्यक्षात फसलेला शोध असतो. दोन्ही गोष्टी वेगळ्या ओळखता येतात. घेतल्याबरोबर डोके इकडेतिकडे फिरवणे, तोंड उघडणे, जीभ पुढे काढणे, मुठी तोंडाकडे नेणे आणि मग रडणे, असा क्रम असेल तर तिला तुम्ही कळता आणि तिला प्यायचे आहे. याउलट छातीपाशी आणताच ती पाठ धनुष्यासारखी ताणत असेल, चेहरा आक्रसून तोंड मागे खेचत असेल, शिंकत असेल, आणि खांद्यावर उभी धरली की निवळत असेल, तर त्या जागी तिला काहीतरी नकोसे आहे. ते वासाचे असू शकते, किंवा त्या जागी डोके मागून दाबले गेल्याची, नाक कोंडल्याची आठवण असू शकते. पुढचे दोन दिवस घड्याळ न पाहता फक्त हे बघा.

वयाचा मुद्दा असा. आज ती जन्मून सोळा दिवसांची असली तरी गर्भधारणेपासून मोजले तर ३६ आठवडे आणि दोन दिवसांची आहे. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्ही गोष्टी एका लयीत बसवणे साधारण ३४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान जमू लागते आणि त्यात दम यायला आणखी काही आठवडे लागतात. पाच-सहा घोट चोखून तोंड सोडणे, थकून झोपणे, दूध जोराने आले की गुदमरून तोंड वळवणे हे या वयाला धरून आहे. वाटी-चमच्याने दूध ओठांशी येते, त्याला चोखण्याचे कष्ट पडत नाहीत. म्हणून ती तसे पिते आणि अंगावर पीत नाही, यात लबाडी नाही आणि विसरणेही नाही.

काही वर्षांपूर्वीचे एक बाळ मला अशा वेळी हटकून आठवते, म्हणून त्याचा तपशील देतो. दापोली तालुक्यातील किनाऱ्यावरच्या गावातून आलेली आई होती. मुलगा ३३ आठवड्यांचा, जन्मवजन १,७०० ग्रॅम, चौदा दिवस नवजात कक्षात. विसाव्या दिवशी माझ्याकडे आला तेव्हा वजन १,८६० ग्रॅम होते आणि तक्रार शब्दशः तुमचीच होती. मी त्या आईला म्हटले, तुम्ही घरी पाजता तसेच इथे पाजा. ती उठली, मोरीत गेली, आणि हात धुवून, स्तनही जंतुनाशक साबणाने चांगला चोळून धुवून आली. कक्षात प्रवेश करताना कोपरापर्यंत हात धुवायला शिकवलेले असते, आणि तो नियम तिने प्रामाणिकपणे स्वतःच्या छातीपर्यंत नेला होता, तोही दिवसातून आठ वेळा. शिवाय तिच्या खांद्याला आणि मानेला पाठदुखीचे झणझणीत मलम लावलेले होते. बाळाला खांद्याशी धरले की त्याचे नाक बरोबर त्या मलमावर येई आणि ते पाठ ताणून रडू लागे. सासूबाईंच्या अंगाला ना साबण ना मलम, त्यामुळे तिथे ते शांत. गावात निदान झाले होते की मुलाला आई नको.

मलम बंद केले, आणि ते केवळ वासासाठी नव्हे. कापूर, मेंथॉल असलेली मलमे तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ मुळीच नसावीत, त्यांनी श्वास अडखळू शकतो. स्तनाला साबण बंद. रोजच्या अंघोळीत साध्या पाण्याने जे होईल तेवढेच. दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी किमान एक तास, बाळ फक्त टोपी आणि लंगोटात, आईच्या उघड्या छातीवर, दोन स्तनांच्या मधोमध उभे, वरून सुती लुगड्याची घट्ट बांधणी. यालाच आम्ही कांगारू काळजी म्हणतो. त्या तासात पाजण्याचा आग्रह नाही. बाळ झोपेतून जरासे हलू लागले की दुधाचे दोन-तीन थेंब स्तनाग्रावर काढून ठेवायचे आणि वाट पाहायची. ठरलेले काढलेले दूध वाटीने चालूच. दुसऱ्या दिवशी त्याने चाटले. तिसऱ्या दिवशी चार-पाच घोट चोखले. सहाव्या दिवशी दिवसातील दोन पाजण्या प्रत्येकी सात-आठ मिनिटे अंगावर झाल्या. आठवडाभरात वजन १६० ग्रॅम वाढले, म्हणजे रोज सुमारे २३ ग्रॅम, आणि ही वाढ मुख्यतः वाटीच्या दुधाची होती. अडतिसाव्या आठवड्याच्या आसपास वाटी सुटली. त्या दोन-अडीच आठवड्यांत बाळाचे वयही तेवढेच वाढले होते, त्यामुळे सारे श्रेय वासाला देणे गैर ठरेल. पाठ ताणणे मात्र मलम गेल्यावर दुसऱ्याच दिवशी थांबले, ते वयामुळे नव्हे.

तुमच्याकडे मी काय करीन, तर हेच, तुमच्या घराच्या बेताने. तिचे वजन अडीच किलोच्या आत असणार, म्हणजे कांगारू काळजी तिला तशीही हवीच. सिझेरियनचा टाका दुखत असेल तर पाठीला दोन उशा लावून अर्धवट रेलून बसा. बाळ आडवे न धरता उभे धरले की टाक्यावर पाय येत नाहीत. मालीश आईंनीच करू द्या, परंतु हलक्या हाताने, आणि शेवटची पाच मिनिटे तुमच्या हातून होऊ द्या, आणि अंघोळ झाल्यावर तिला पाळण्यात न ठेवता थेट तुमच्या उघड्या छातीवर घ्या. खोबरेलाचा वास तिला सुखाचा झालेलाच आहे. तो आता तुमच्या त्वचेच्या वासाबरोबर येऊ लागेल. फ्रान्समध्ये काही आयांनी स्तनाग्राला कॅमोमाईल फुलांच्या वासाचे मलम लावले होते, तेव्हा त्यांच्या बाळांनी तो वासही पिण्याशी जोडून घेतला आणि सात महिन्यांनी, अगदी एकवीस महिन्यांनीही, त्या वासाला पसंती दाखवली. म्हणून तुम्ही छातीला काही लावा असे मी म्हणत नाही. उलट स्तनाला काहीच लावू नका. पावडर, अत्तर, वासाचे तेल, नव्या साबणाचा प्रयोग, हे सारे महिनाभर दूर ठेवा. तिच्या नाकाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा भेटू द्या.

धुरीबद्दल तुम्ही लिहिलेले नाही, पण आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत ती असतेच, म्हणून विचारलेले नसताना सांगतो. शेगडीवर ओवा, वेखंड, बाळंतशोपा, ऊद टाकून बाळाला आणि बाजेवरच्या आईला शेकण्याचा हेतू मला कळतो. श्रावणातल्या पावसात भिंतींनाही ओल येते, कपडे चुलीवरच्या दोरीवर वाळतात, आणि सगळ्या घराला कुबट वास लागतो. तरीही ३४ आठवड्यांच्या बाळाची फुप्फुसे धुरासाठी नाहीत. बंद खोलीत शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू डोळ्यांना दिसत नाही, आणि तो आईलाही घातक आहे. वासाच्या दृष्टीने पाहिले तर धुरीने आई, आजी, दुपटे आणि पाळणा सगळ्यांना एकच वास लागतो आणि जे वेगळे कळायला हवे तेच झाकले जाते. आईंना हे माझ्या नावावर सांगा. सुनेच्या किंवा लेकीच्या तोंडून ऐकलेला नियम फार दिवस टिकत नाही. बाळाला ऊब हवी आहे ती टोपी, मोजे आणि तुमच्या छातीने मिळते.

काकींच्या पातळाचा सल्ला अर्धा बरोबर आहे. आईच्या दुधाच्या किंवा कपड्याच्या वासाने बाळाचे रडणे कमी होते हे खरे आहे. जपानमध्ये २००९ मध्ये असे दिसले की टाचेतून रक्त घेताना स्वतःच्या आईच्या दुधाचा वास दिलेली बाळे कमी विव्हळली, आणि दुसऱ्या आईच्या दुधाने किंवा डब्याच्या दुधाने तसा फरक पडला नाही. कक्षात असलेल्या बाळांसाठी आम्ही तळहाताएवढे सुती फडके आईच्या अंगाशी काही तास ठेवून मग बाळाजवळ ठेवतो आणि रोज बदलतो. त्याने बाळ निवांत राहते. ते लवकर घरी जाते, असे मात्र सिद्ध झालेले नाही. पण काकींनी पातळ झोळीत घालायला सांगितले, ते मात्र करू नका. सैल कापड सरकून नाका-तोंडावर येते, आणि लहान बाळाला ते दूर ढकलता येत नाही. झोळीचा तर वेगळाच प्रश्न आहे. तिच्या खोलगट आकारात कमी दिवसांच्या बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट आवळते. तिला सपाट, टणक अंथरुणावर, पाठीवर झोपवा. वास हवाच असेल तर तिच्या खाली अंथरायची चादर आदल्या रात्री तुम्ही पांघरून झोपा आणि दुसऱ्या दिवशी ती गादीखाली घट्ट खोचून अंथरा. तेवढे पुरते.

जुन्या लुगड्यांबद्दल आणखी एक. आजी-पणजीची मऊ लुगडी दुपट्यांसाठी ट्रंकेतून काढली जातात, आणि त्यांत डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या असतात. तो वास आपल्याला ‘जुन्या घराचा’ वाटतो. ज्या बाळांत जी-सिक्स-पीडी नावाचे विकर जन्मतः कमी असते, त्यांच्या रक्तपेशी या गोळ्यांच्या वाफेने फुटतात आणि कावीळ वेगाने चढते, इतकी की तिचा मेंदूवर परिणाम होऊ शकतो. विकर कमी आहे हे घरी कुणाला कळत नाही. ट्रंकेतील कपडा बाळासाठी आधी धुवा, उन्हात चांगला वाळवा, आणि तरीही गोळीचा वास येत असेल तर तो वापरूच नका. पाऊस आहे आणि ऊन नाही, तर नवे सुती कापड आणून धुवून घ्या.

या आठवड्यात काय बघत राहायचे तेही सांगतो. दिवसाला सहा किंवा अधिक लंगोट ओले व्हायला हवेत आणि वजन रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढायला हवे. वजन दर दोन-तीन दिवसांनी, त्याच आशाताईंच्या त्याच काट्यावर, बाळाचे कपडे काढून करा, कारण दोन काट्यांतला फरकच कधी कधी पन्नास ग्रॅमचा असतो आणि उगाच घाबरायला होते. काढलेले दूध वाटीने देणे अंगावरची सवय लागेपर्यंत कमी करू नका. आधी छातीवर दहा मिनिटे, मग वाटी. ती सलग दोन पाजण्यांना जागी होत नसेल, पोट आणि तळपाय गार लागत असतील, ताप वाटत असेल, पिवळेपणा तळपायांपर्यंत उतरला असेल, पिताना ओठ निळसर होत असतील किंवा श्वास मिनिटाला साठाच्या वर जात असेल, तर वास आणि ओळख हा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालयात न्या. हे सारे नसेल, वजन वाढत असेल, आणि तरीही ३८ आठवडे पूर्ण झाल्यावर, म्हणजे आजपासून साधारण बारा दिवसांनी, ती अंगावर अजिबात धरत नसेल, तर जीभेखालची पट्टी, तोंडातील टाळू आणि तुमची पाजण्याची बैठक प्रत्यक्ष तपासून घ्यावी लागेल. ते लेखी सांगून होण्यासारखे नाही.

गणपतीनंतर मुंबईला जाण्याबद्दल बोलायचे, तर तिला नवे घर, नवे पाणी, नवे आवाज आणि सोबत आजी नाही असे चौफेर बदल एकाच दिवशी भेटतील. पहिले तीन-चार दिवस ती अधिक रडेल, संध्याकाळी विशेष. जाण्याच्या आदल्या आठवड्यात तिच्या अंथरुणाची एक चादर आणि तुमचा एक सुती गाऊन धुऊ नका आणि ते तसेच घेऊन जा. तेल इथलेच, त्याच घाण्याचे, एक बाटली बरोबर न्या. मुंबईत पोहोचल्यावर पहिली मालीश तुम्ही स्वतः करा. तिच्या बाबांना तिच्याशी ओळख वाढवायची असेल तर अंघोळीनंतर रोज अर्धा तास शर्ट काढून तिला छातीवर घेऊ दे, अत्तर आणि सिगारेट दोन्ही वर्ज्य करून. तुमच्याकडे येताना तिने रडू नये म्हणून भुकेच्या वेळीच फक्त हाती घेऊ नका. पोट भरल्यावर, अर्धवट झोपेत, काहीही न पाजता नुसते छातीवर धरण्याच्या वेळा दिवसातून दोन-तीन तरी ठेवा.